ईसॉपचा खर्च तिन्ही वर्षांत सारखा का वाटता येत नाही?

शिरोलीचा_लेखापाल – १२ एप्रिल २०२४

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीतील एका कास्टिंग कंपनीच्या लेखा विभागात काम करतो. कंपनीचे शेअर बाजाराच्या मुख्य फलकावर नोंदलेले असल्यामुळे आम्हाला इंड एएस ही भारतीय लेखामानके लागू आहेत. कर्मचाऱ्यांना ठरलेल्या किमतीत शेअर घेण्याचा हक्क देणाऱ्या ईसॉप योजनेसाठी भागधारकांचा विशेष ठराव आधीच झाला होता, आणि त्यानंतर १ एप्रिल २०२३ या तारखेने आमच्या ४० अभियंत्यांना व अधिकाऱ्यांना प्रत्येकी ३०० ऑप्शन देण्यात आले. एका ऑप्शनवर २०० रुपयांना एक शेअर घेता येतो आणि त्या दिवशी बाजारभाव २४० रुपये होता. मार्च २०२४, मार्च २०२५ आणि मार्च २०२६ या तीन महिनाअखेरींना प्रत्येकी १०० ऑप्शन व्हेस्ट होतात, म्हणजे ते वापरण्याचा हक्क पक्का होतो. अट एकच, त्या दिवशी माणूस नोकरीत असला पाहिजे.

मूल्यांकनकाराने तीन हप्त्यांची तीन रास्त मूल्ये दिली आहेत : पहिल्याचे ७२ रुपये, दुसऱ्याचे ९० रुपये आणि तिसऱ्याचे १०२ रुपये. मी त्यांची सरासरी ८८ रुपये धरली, तिला १२,००० ऑप्शननी गुणले आणि आलेल्या १०,५६,००० रुपयांचे तीन समान भाग करून या वर्षी ३,५२,००० रुपये खर्ची टाकले. लेखापरीक्षकांनी कागद परत पाठवला. त्यांचा शेरा एवढाच आहे की प्रत्येक हप्ता स्वतंत्र धरावा आणि सोडून जाणाऱ्यांचा विचार करावा. शेरा मला मान्य करायचाच आहे, पण त्यामागचे कारण समजल्याशिवाय सही करणे मला योग्य वाटत नाही. कृपया कोणीतरी नीट उलगडून सांगावे.

वारणेचा_पुणेकर – १२ एप्रिल २०२४

दादा, मी पुण्यात एका अमेरिकी कंपनीच्या हिशेबाचे काम गेली सहा वर्षे करतो आहे. आम्ही अशाच टप्प्याटप्प्याने व्हेस्ट होणाऱ्या ऑप्शनचा खर्च सरळ समान वाटतो आणि आमच्या लेखापरीक्षकांनी त्यावर कधी हरकत घेतलेली नाही. सोडून जाणाऱ्यांचा अंदाजही आम्ही बांधत नाही. माणूस गेला की त्या वेळी नोंद फिरवतो. त्यामुळे आपल्या लेखापरीक्षकांनी ही गोष्ट उगाच अवघड केली आहे, असे माझे मत आहे. एकूण खर्च शेवटी तेवढाच होणार आहे, मग तो कोणत्या वर्षी किती दाखवला याने काय बिघडते?

राजारामपुरी_सीए – १३ एप्रिल २०२४

पुणेकर, आपण सांगता ते आपल्या कामापुरते बरोबर आहे. अमेरिकी नियमांत केवळ नोकरीत राहण्याचीच अट असेल तर समान वाटपाचा पर्याय कंपनीला निवडता येतो; फक्त कोणत्याही तारखेला नोंदलेला एकूण खर्च तोवर व्हेस्ट झालेल्या भागाच्या मूल्यापेक्षा कमी असून चालत नाही. सोडून जाणाऱ्यांची नोंद प्रत्यक्ष घडेल तेव्हा करण्याची मुभाही २०१६च्या दुरुस्तीने तिथे मिळाली. परंतु शिरोलीची कंपनी इंड एएस १०२ खाली येते आणि त्यात या दोन्ही सवलती नाहीत. म्हणून लेखापरीक्षकांनी काही अवघड केलेले नाही. आपण वेगळ्या नियमपुस्तकाचे उत्तर दिले आहे.

आता कारण. लेखापाल, अशी कल्पना करा की आपल्या कंपनीने एकाच पत्राऐवजी प्रत्येकाला तीन पत्रे दिली. पहिल्यात लिहिले की एक वर्ष काम करा आणि १०० ऑप्शन घ्या. दुसऱ्यात दोन वर्षे, तिसऱ्यात तीन वर्षे. अशी तीन पत्रे असती तर पहिल्या पत्राचा सगळा खर्च पहिल्याच वर्षात घालायला आपण क्षणभरही कचरला नसता, कारण त्या पत्राच्या बदल्यात मागितलेली सेवा त्या वर्षात पूर्ण झाली. दुसऱ्या पत्राचा अर्धा आणि तिसऱ्याचा एक तृतीयांश हिस्साही त्याच वर्षात आला असता, कारण तिन्ही पत्रांचे घड्याळ एकाच दिवशी सुरू झाले. तिन्ही वाक्ये एकाच कागदावर छापली म्हणून मिळालेली सेवा बदलत नाही. पहिल्या वर्षी कर्मचारी तिन्ही हप्ते एकाच वेळी कमवत असतो, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी फक्त एक. म्हणून खर्च पुढच्या बाजूला जड होतो. ही सावधगिरी म्हणून केलेली जास्तीची तरतूद नाही. सेवा ज्या क्रमाने मिळते त्याच क्रमाने खर्च दिसतो.

आपल्या आकड्यांत, कोणीही सोडून गेले नाही असे धरल्यास, एका माणसाच्या एका संचावर म्हणजे प्रत्येक हप्त्यातील एकेका ऑप्शनवर पहिल्या वर्षी ७२ अधिक ४५ अधिक ३४ मिळून १५१ रुपये, दुसऱ्या वर्षी ४५ अधिक ३४ मिळून ७९ रुपये आणि तिसऱ्या वर्षी ३४ रुपये येतात. बेरीज २६४ होते आणि आपली सरासरीही तीन वेळा घेतल्यास २६४च होते. एकूण रक्कम चुकलेली नाही, तिचे वाटप चुकले आहे.

रंकाळ्याकाठी – १३ एप्रिल २०२४

मी बँकेतून निवृत्त झालो आहे, लेखापाल नाही. मला मुळातच एक शंका आहे. कंपनीच्या तिजोरीतून एक रुपयाही जात नाही, उलट कर्मचारी २०० रुपये भरतो, म्हणजे पैसा आत येतो. मग हा खर्च आहे तरी कसला? शिवाय माझी मुलगी पुण्यात ज्या कंपनीत आहे तिथे तिलाही असे ऑप्शन मिळाले होते; शेअरचा भाव ठरलेल्या किमतीच्या खाली गेला आणि ते कागद वाया गेले. तिला काहीच मिळाले नाही, तर त्या कंपनीने दाखवलेला खर्च खोटा ठरत नाही का? तो कंपनीने परत नफ्यात घ्यायला हवा, असे मला वाटते.

राजारामपुरी_सीए – १४ एप्रिल २०२४

काका, आपली शंका अगदी मुळाची आहे आणि या नियमावर जगभर झालेला मोठा वाद याच प्रश्नावर होता, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

खर्च होतो तो शेअरचा नव्हे, मिळालेल्या सेवेचा. मोल्डिंग विभागाच्या अभियंत्याने वर्षभर काम केले, त्यातल्या काही कामाचा मोबदला पगाराने दिला आणि काहीचा ऑप्शनने. पगाराने दिलेल्या भागाला आपण खर्च म्हणतो, मग ऑप्शनने दिलेल्या भागाला न म्हणण्याचे कारण उरत नाही. अडचण एवढीच की कर्मचाऱ्याच्या त्या जास्तीच्या सेवेची किंमत थेट मोजता येत नाही, म्हणून ती ज्या वस्तूने चुकवली तिच्या मूल्यावरून, म्हणजे ऑप्शनच्या रास्त मूल्यावरून, मोजली जाते. नोंदीत एका बाजूला कर्मचारी लाभ खर्च येतो आणि दुसऱ्या बाजूला भागधारकांच्या निधीत ‘शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग’ हे खाते वाढते. दायित्व तयार होत नाही, कारण पैसे द्यायचे नाहीत. म्हणूनच देण्याच्या दिवशीचे मूल्य एकदा ठरले की पुढे भाव ३०० झाला किंवा १२० झाला तरी ते पुन्हा मोजायचे नाही. हेच ऑप्शन शेअरऐवजी रोखीत चुकवायचे असते तर ते दायित्व ठरले असते आणि प्रत्येक ताळेबंदाला त्याचे मूल्य नव्याने मोजावे लागले असते.

आता आपल्या मुलीचे. तिने तीन वर्षे काम केले, ऑप्शन व्हेस्ट झाले, म्हणजे कंपनीला सेवा मिळाली. नंतर भाव पडला म्हणून तिने ते वापरले नाहीत. तिच्या दृष्टीने नुकसान झाले हे खरे, पण कंपनीला मिळालेली सेवा परत गेली नाही. त्यामुळे खर्च नफ्यात परत घेता येत नाही. भागधारकांच्या निधीच्या आतल्या आत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, उदाहरणार्थ सर्वसाधारण राखीव निधीत, ती रक्कम हलवता येते. नफातोटा पत्रकाला ती शिवत नाही.

साखरपट्टा – १४ एप्रिल २०२४

आमच्या सहकारी कारखान्यात कामगारांच्या पगारातून दरमहा कपात करून त्यांना सभासदत्वाचे शेअर दिले जातात. आम्हालाही असा खर्च दाखवावा लागेल का?

राजारामपुरी_सीए – १४ एप्रिल २०२४

नाही. एक तर सहकारी संस्था कंपनी कायद्याखाली येत नाही, म्हणून हे लेखामानक तिला लागूच नाही. दुसरे म्हणजे तिथे कामगार स्वतःचे पैसे भरून इतर सभासदांप्रमाणेच शेअर घेतो. सेवेच्या बदल्यात त्याला काही मिळत नाही, त्यामुळे कंपनी असती तरीही या नियमाचा विषय निघाला नसता.

शिरोलीचा_लेखापाल – १५ एप्रिल २०२४

ताई, तीन पत्रांच्या उदाहरणाने माझी अडचण सुटली. आता माणसांबद्दल. वर्षभरात ४० पैकी दोघे नोकरी सोडून गेले, म्हणजे ३८ उरले. मनुष्यबळ विभागाचा अंदाज असा की पुढील वर्षी दोघे आणि त्यापुढील वर्षी आणखी दोघे जातील. हा अंदाज मी नेमका कुठे घालायचा? मूल्यात की संख्येत?

गोकुळशिरगावकर – १५ एप्रिल २०२४

याचे उत्तर मी देतो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. अंदाज फक्त संख्येत घालायचा. मी पूर्वी एका कंपनीत काम करत होतो, तिथे मूल्यांकनकाराने ऑप्शनचे मूल्य काढतानाच गळतीसाठी ते काही टक्क्यांनी कमी केले होते. आम्हाला ते ठाऊक नव्हते, म्हणून आम्ही संख्याही गळतीने कमी केली. एकच गळती दोनदा वजा झाली आणि खर्च दोन वर्षे कमी दिसत राहिला. ज्यांनी पकडले त्यांनी साधी गोष्ट केली : अहवालातील बाजारभाव, शेअर घेण्याची ठरलेली किंमत, मुदत, चढउताराचे प्रमाण, व्याजदर आणि लाभांश हे आकडे घेऊन मूल्य स्वतः काढून पाहिले आणि ते अहवालातील आकड्याहून जास्त आले. अहवालाच्या परिशिष्टात गळतीचा दर नावाची ओळ दिसली तर ती मूल्य कमी करण्यासाठी वापरली आहे की केवळ माहितीसाठी आहे, हे लेखी विचारून घ्या.

तुमच्या अहवालात तीन मूल्ये चढती आहेत हे ठीक दिसते. उशिरा व्हेस्ट होणाऱ्या हप्त्याला भाव वाढायला जास्त काळ मिळतो आणि कर्मचाऱ्याला २०० रुपये उशिरा भरायचे असतात, म्हणून त्याचे मूल्य जास्त. तिन्ही हप्त्यांना एकच मूल्य दिलेला अहवाल आला असता तर मी तो परत पाठवला असता.

राजारामपुरी_सीए – १६ एप्रिल २०२४

गोकुळशिरगावकरांशी पूर्ण सहमत. पद्धत अशी की प्रत्येक ताळेबंदाला, प्रत्येक हप्त्यासाठी, आजच्या सर्वोत्तम अंदाजाप्रमाणे शेवटी किती ऑप्शन व्हेस्ट होतील ती संख्या घ्यायची, देण्याच्या दिवशीच्या मूल्याने गुणायची, मुदतीचा जितका भाग सरला तितका हिस्सा घ्यायचा आणि त्यातून आधी नोंदलेली रक्कम वजा करायची. उरते ती या वर्षीची नोंद. वर्षाचा खर्च थेट काढू नका, नेहमी आजवरचा एकूण काढून वजाबाकी करा. म्हणजे अंदाज बदलला तरी दुरुस्ती आपोआप चालू वर्षात पडते आणि मागील वर्ष उघडावे लागत नाही.

पहिला हप्ता : ३८ माणसे, ३,८०० ऑप्शन, ७२ रुपये, मुदत पूर्ण, २,७३,६०० रुपये. दुसरा : अंदाजे ३६ माणसे, ३,६०० ऑप्शन, ९० रुपये, अर्धी मुदत, १,६२,००० रुपये. तिसरा : अंदाजे ३४ माणसे, ३,४०० ऑप्शन, १०२ रुपये, एक तृतीयांश, १,१५,६०० रुपये. एकूण ५,५१,२०० रुपये. आपल्या ३,५२,०००पेक्षा हे जवळपास दोन लाखांनी अधिक आहे, तेही दोघे गेल्याचा आणि आणखी चौघे जाण्याचा विचार करून.

एक्सेलमध्ये दर हप्त्याला एक ओळ करा. A स्तंभात हप्त्याचे नाव लिहा आणि B पासून पुढे स्तंभांचा क्रम संख्या, मूल्य, सरलेले महिने, एकूण महिने आणि आधीची नोंद असा ठेवा.

```
=ROUND(B2*C2*D2/E2,0)-F2
```

शिरोलीचा_लेखापाल – १६ एप्रिल २०२४

आकडे जुळले. एक गोष्ट मात्र मनात राहिली आहे, ती लपवणे बरे नाही. पत्रांवर तारीख १ एप्रिलची असली तरी १७ जणांना ती प्रत्यक्षात मे महिन्याच्या मध्यावर मिळाली, कारण त्यांचे ऑप्शन किती हे व्यवस्थापनाने तोवर ठरवलेच नव्हते. मेमध्ये भाव २५५ रुपयांच्या आसपास होता. मग त्यांची देण्याची तारीख कोणती?

गोकुळशिरगावकर – १६ एप्रिल २०२४

माझ्या मते १ एप्रिलच. मंडळाचा ठराव, पत्राची तारीख आणि सेवेची सुरुवात सगळे त्याच दिवशीचे आहे. पत्र हातात पडायला थोडा उशीर झाला म्हणून मूल्य नव्याने मोजणे अतिरेकी वाटते.

राजारामपुरी_सीए – १७ एप्रिल २०२४

मला तसे वाटत नाही. कंपनी आणि कर्मचारी या दोघांनाही अटी सारख्याच कळलेल्या असणे, हा देण्याच्या तारखेचा कणा आहे. केवळ टपालाचा उशीर असता तर मी फार ताणले नसते, पण इथे एप्रिलमध्ये त्या १७ जणांची संख्याच ठरलेली नव्हती. जे ठरलेच नाही ते कोणाला कळणार? अशा वेळी मूल्य मेमधील दिवसाचे घ्यावे लागेल, आणि सेवा एप्रिलपासून सुरू असल्यास तोवरचा खर्च अंदाजी मूल्यावर धरून नंतर दुरुस्त करावा लागेल. अल्प कालावधीच्या उशिरासाठी अमेरिकी नियमांत जी सवलत आहे तशी इथे लिहिलेली नाही. पत्रव्यवहार आणि ईमेल लेखापरीक्षकांसमोर ठेवा.

शिरोलीचा_लेखापाल – ९ एप्रिल २०२५

एका वर्षाने हाच धागा वर काढत आहे, कारण दुसऱ्या वर्षाचा हिशेब समोर आहे. मेमध्ये पत्रे मिळालेल्या १७ जणांच्या बाबतीत लेखापरीक्षकांनी मूल्य पुन्हा काढून पाहिले. फरक लहान निघाला म्हणून १ एप्रिलचीच मूल्ये कायम राहिली. तारखेचा प्रश्न तत्त्वतः सुटला असे मी म्हणणार नाही, तो फक्त आमच्यापुरता मागे पडला.

या वर्षी दोनऐवजी पाच जण गेले. कागलच्या पंचतारांकित वसाहतीत नवे काम मिळाल्याने एकाच विभागातले तिघे एका महिन्यात गेले. आता ३३ उरले आहेत आणि पुढील वर्षी दोघे जातील असा अंदाज आहे. गेलेल्या पाच जणांचा पहिला हप्ता गेल्या वर्षीच व्हेस्ट झाला होता. आमच्याकडे नोकरी सोडल्यावर तीन महिन्यांत शेअर घ्यावे लागतात. भाव १५० रुपयांवर आल्यामुळे त्यांनी घेतले नाहीत आणि ५०० ऑप्शन बुडाले. मी त्यांचे ३६,००० रुपये खर्चातून वजा केले आहेत. हे बरोबर आहे ना?

वारणेचा_पुणेकर – ९ एप्रिल २०२५

माझ्या समजुतीप्रमाणे बरोबर आहे. माणूस गेला की त्याचा खर्च फिरवायचा, हे दोन्ही नियमांत सारखेच आहे.

राजारामपुरी_सीए – १० एप्रिल २०२५

अर्धेच बरोबर आहे, आणि ही चूक मी दरवर्षी कुठे ना कुठे पाहते. माणूस व्हेस्ट होण्याआधी गेला तर त्या हप्त्याची सेवा त्याने पूर्ण केली नाही, म्हणून त्याचा खर्च फिरतो. व्हेस्ट झाल्यानंतर ऑप्शन न वापरता बुडाले तर सेवा आधीच मिळालेली आहे. गेल्या वर्षी रंकाळ्याकाठच्या काकांना जे सांगितले तेच इथेही लागू होते. अमेरिकी नियमांतही व्हेस्ट झालेल्या ऑप्शनचा खर्च फिरवत नाहीत, पुणेकर. ते ३६,००० रुपये पुन्हा खर्चात घ्या आणि वाटल्यास निधीच्या आत राखीव खात्यात हलवा. तपासणीची सोपी खूण अशी : पहिल्या हप्त्याची ओळ मार्च २०२४ नंतर गोठलेली असली पाहिजे. त्या ओळीत या वर्षी काहीही रक्कम दिसली तर कुठेतरी चूक आहे.

उरलेल्या दोन ओळी अशा. दुसरा हप्ता आता प्रत्यक्ष ३,३०० ऑप्शनवर थांबला. ९० रुपयांनी २,९७,००० रुपये, त्यातून आधीचे १,६२,००० वजा, या वर्षी १,३५,०००. तिसरा हप्ता आता ३,१०० ऑप्शनचा अंदाज. १०२ रुपयांनी गुणून दोन तृतीयांश म्हणजे २,१०,८००, त्यातून १,१५,६०० वजा, या वर्षी ९५,२००. एकूण २,३०,२०० रुपये. भाव २४० वरून १५० वर आला याचा या आकड्यांत कुठेही मागमूस नाही, आणि तसेच असायला हवे.

शिरोलीचा_लेखापाल – १० एप्रिल २०२५

दुरुस्ती केली, आभारी आहे. पण भावाचाच प्रश्न आता संचालकांनी काढला आहे. त्यांचे म्हणणे असे की १५० रुपयांचा शेअर २०० रुपयांना कोणी घेणार नाही, मग तिसरा हप्ता रद्द करून टाकू, म्हणजे पुढील वर्षीचा खर्च वाचेल. हे शक्य आहे का?

गोकुळशिरगावकर – ११ एप्रिल २०२५

खर्च वाचणार नाही, उलट तो अंगावर लवकर येईल. कर्मचारी सोडून गेला तर ऑप्शन जातात ती गोष्ट वेगळी आणि कंपनीने स्वतः रद्द केले ती वेगळी. कंपनीने रद्द केले तर जणू त्याच दिवशी व्हेस्ट झाले असे मानून उरलेली सगळी रक्कम तत्काळ खर्ची टाकावी लागते. अन्यथा भाव पडला की प्रत्येक कंपनी रद्द करून मोकळी झाली असती. तुमच्याकडे आज नोकरीत ३३ जण आहेत. ३,३०० ऑप्शन, १०२ रुपये, ३,३६,६०० रुपये, त्यातून २,१०,८०० वजा. म्हणजे १,२५,८०० रुपये एकदम.

राजारामपुरी_सीए – ११ एप्रिल २०२५

तत्त्व बरोबर आहे, पण संख्येबाबत दोन मते आहेत. मानकाचे शब्द असे की रद्द केले नसते तर उरलेल्या मुदतीत जी रक्कम नोंदली गेली असती ती तत्काळ नोंदावी. ती रक्कम आज हजर असलेल्या ३३ जणांवर काढायची की शेवटपर्यंत टिकतील अशा ३१ जणांवर? ३१ धरल्यास ३,१६,२०० वजा २,१०,८००, म्हणजे १,०५,४०० रुपये येतात. मी स्वतः ३१च्या बाजूची आहे, कारण मानकाच्या शब्दांशी ते अधिक जुळते. परंतु व्यवहारात दोन्ही मते मांडली जातात आणि ज्या कंपनीने एक निवडले तिने तेच पुढेही पाळावे.

गोकुळशिरगावकर – ११ एप्रिल २०२५

माझे मत ३३चेच राहील. रद्द करणे म्हणजे त्या दिवशी व्हेस्ट झाले असे धरायचे असेल, तर त्या दिवशी हजर असलेल्या प्रत्येकाचे व्हेस्ट झाले. जे दोघे पुढे जातील असा अंदाज आहे, ते त्या दिवशी गेलेले नसतात.

रंकाळ्याकाठी – १२ एप्रिल २०२५

रद्द करण्यापेक्षा किंमतच १५० रुपये केली तर? माझ्या मुलीच्या कंपनीने तसे केले असते तर ती टिकली असती. ती शेवटी सोडून गेली.

राजारामपुरी_सीए – १२ एप्रिल २०२५

काका, तो मार्ग खुला आहे. नोंदणीकृत कंपनीला सेबीच्या २०२१च्या विनियमांप्रमाणे, भाव पडल्यामुळे ऑप्शन निरुपयोगी झाले असतील तर, कर्मचाऱ्यांच्या हिताला बाध न आणता आणि विशेष ठराव घेऊन किंमत बदलता येते. हिशेबात जुने १०२ रुपये तसेच चालू राहतात. ते कमी होत नाहीत. वर फक्त वाढीव मूल्य येते, म्हणजे बदलाच्या दिवशी २०० रुपये किमतीचा तो ऑप्शन किती मोलाचा होता आणि १५० रुपये किमतीचा किती मोलाचा झाला यातील फरक. लेखापालांना अंदाज यावा म्हणून धरून चालू की तो १६ रुपयांवरून ३२ रुपयांवर गेला. मग ३,१०० ऑप्शनवर १६ रुपयांप्रमाणे ४९,६०० रुपये जास्तीचे, आणि तेही उरलेल्या एका वर्षात वाटून. आधीच व्हेस्ट झालेल्या हप्त्यांची किंमतही बदलली तर त्यांचे वाढीव मूल्य मात्र त्याच दिवशी पूर्ण खर्ची पडेल, कारण तिथे मागायची सेवा शिल्लक नाही.

शिरोलीचा_लेखापाल – १४ एप्रिल २०२५

संचालकांसमोर तीन ओळींचा तक्ता ठेवला. काहीही न केल्यास आणि पुढील वर्षी अंदाजाप्रमाणे दोघे गेल्यास खर्च १,०५,४०० रुपये, वर्षभरात वाटून. रद्द केल्यास १,०५,४०० किंवा १,२५,८०० रुपये, एकदम. किंमत बदलल्यास १,०५,४०० अधिक वाढीव मूल्य. रद्द करण्याचा विषय तिथेच थांबला, कारण त्यातून काहीच वाचत नाही हे आकड्यांतच दिसले. किंमत बदलण्याचा विषय ऑगस्टच्या वार्षिक सभेपर्यंत पुढे ढकलला आहे. तोवर भाव हलला तर १६ आणि ३२ हे दोन्ही आकडे बदलतील, म्हणून मूल्यांकनकाराला सभेच्या तारखेचाच अहवाल मागितला आहे. बदलाची तारीख ठरावाची धरायची की कर्मचाऱ्यांना कळवल्याची, हा प्रश्न गेल्या वर्षीच्या १७ पत्रांसारखाच पुन्हा उभा राहू नये म्हणून या वेळी पत्रे ठरावाच्याच दिवशी हातात देण्याची सूचना मनुष्यबळ विभागाला लेखी दिली आहे.